मामांनी दिलेले आठ लाख आणि स्टेटमेंटवर मामींचं नाव

फ्लॅटसाठी कर्ज घेताना आमचा स्वतःचा हिस्सा भरायला आठ लाख कमी पडत होते. मामांनी मुदत ठेव मोडून ते दिले. बक्षीसपत्र झालं, पैसे खात्यात आले, तरी फाइल तीन आठवडे बँकेच्या कर्ज विभागात पडून होती. अजूनही आठवलं की चिडचिड होते.

अडलं ते स्टेटमेंटच्या एका ओळीवर. आरटीजीएसच्या नोंदीत पाठवणारं नाव होतं मामींचं. खातं दोघांचं जोडखातं, पण पहिलं नाव मामींचं, म्हणून तेच छापलं गेलं. बक्षीसपत्रात देणारे मात्र एकटे मामा. "देणारे एक आणि पाठवणारे दुसरे, मग पैसे नक्की कुणाचे?" हा एकच प्रश्न. मी समजावलं, मामा स्वतः फोनवर बोलले, काही उपयोग झाला नाही. काय काय लागेल ते एकदाच सांगतील तर शपथ! प्रत्येक खेपेला एक नवा कागद.

शेवटी मीच पैशांचा माग लावून दिला. मामांच्या नावाची ठेव मोडल्याची पावती. जोडखात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, त्यात ठेवीची रक्कम जमा झालेली आणि चार दिवसांनी आठ लाख माझ्याकडे गेलेले. दोन्ही ओळींवर पेन्सिलीने खुणा केल्या. खातं दोघांचं आहे असं मामांच्या शाखेचं सही-शिक्क्याचं पत्र. आणि नवं बक्षीसपत्र, ज्यात ठेवीचा क्रमांक, दोन्ही खाती, तारीख, त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि मामींची संमतीची सही. ते आम्ही सह्या केल्या त्या दिवसाच्याच तारखेने केलं आणि "अमुक तारखेला दिलेली रक्कम" असं आत लिहिलं. मागची तारीख टाकू नका. यूटीआरही नीट तपासा. आरटीजीएसचा तो 22 अक्षरांचा असतो, स्टेटमेंटमध्ये दोन ओळींत तुटतो आणि टाइप करणारा शेवट गाळतो.

नात्याचा पुरावा म्हणून आईचा आणि मामांचा शाळा सोडल्याचा दाखला दिला. दोन्हींवर वडिलांचं नाव एकच. आईच्या पॅनवर सासरचं आडनाव, त्यामुळे तो इथे कामाचा नव्हता.

आयकराचं काम सोपं गेलं. आईचा भाऊ कायद्याच्या व्याख्येत 'नातेवाईक' आहे, त्याची बायकोही आहे, त्यामुळे माझ्यावर कर नाही. मी रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात रक्कम दाखवली आणि मामांच्या पॅनची प्रत फाइलला लावून ठेवली.

एक आधीच सांगायला हवं होतं. मामांना ऑनलाइन जमत नाही म्हणून मामेभाऊ म्हणाला होता, "माझ्या खात्यात टाका, मी पुढे पाठवतो." मी नको म्हटलं, ते फार बरं झालं. मामेभाऊ त्या व्याख्येत बसत नाही. पैसे त्याने दिले असं धरलं गेलं असतं, तर पन्नास हजारांची मर्यादा ओलांडल्यामुळे पूर्ण आठ लाख माझ्या उत्पन्नात धरले गेले असते.