आमची वाटचाल : केशरी पडद्यापासून AgX पर्यंत

आम्ही दोघांनी मिळून हे काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे एक संगणक होता आणि घरांच्या आतल्या सजावटीची स्थिरचित्रं करून द्यायची एवढीच कल्पना होती. मॉडेलिंग भागीदाराकडे, प्रकाश आणि मटेरियल माझ्याकडे. रेंडर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनमध्ये. रंगांच्या व्यवस्थेकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं. कलर मॅनेजमेंटच्या पट्टीत Standard लिहिलेलं असायचं आणि आम्ही ते तसंच राहू द्यायचो.

पहिला धक्का एका केशरी पडद्याने दिला. पडद्यांचं कापड बनवणाऱ्या एका ग्राहकासाठी बैठकीच्या खोलीचं चित्र करत होतो. खिडकीतून ऊन येतंय, त्याचा एक पट्टा पडद्यावर पडलाय, अशी मांडणी. चित्र पाठवलं आणि त्यांच्या बाईंचा फोन आला, "अहो, सावलीतला पडदा आमचा आहे, पण उन्हातला कोणाचा तरी दुसराच आहे. तो पिवळा झालाय."

त्या म्हणत होत्या ते अगदी खरं होतं. मी आधी ऊन जास्त पिवळं ठेवलं असेल म्हणून सूर्याचा रंग पांढरा केला. पट्टा पिवळाच राहिला. मग आकडे काढून बसलो, आणि त्या दुपारी जे कळलं त्यावर आमचं पुढचं सगळं काम उभं आहे.

कापडाचा बेस कलर लिनिअर आकड्यांत लाल ०.८, हिरवा ०.२५, निळा ०.०३ असा होता. साध्या प्रकाशात Standard त्याचं स्क्रीनवर २३१, १३७, ४८ करतो. छान केशरी. आता उन्हाच्या पट्ट्यात प्रकाश चौपट आहे, म्हणजे फक्त दोन स्टॉप जास्त. आकडे होतात लाल ३.२, हिरवा १.०, निळा ०.१२. स्क्रीन १.० च्या वर काही दाखवू शकत नाही, म्हणून Standard लालचे ३.२ छाटून १.० करतो. हिरवा मात्र स्वतःच्या पायांनी १.० वर पोहोचलाय. दोघं एका पातळीवर आले की स्क्रीनवर २५५, २५५, ९७ दिसतं, आणि हा पिवळा रंग आहे. प्रकाशाने रंग बदललेला नव्हता. एक चॅनेल छाटला गेला आणि दुसरा त्याला गाठून बसला, एवढंच घडलं होतं. प्रकाश अजून वाढवला तरी बराच वेळ पिवळाच राहतो, कारण निळा फार मागून येतो. त्वचा, लाकूड, विटा, निऑनचा निळा, सगळ्यांची हीच गत होते. निळा प्रकाश तेजस्वी झाला की आकाशी होतो, केशरी पिवळा होतो.

कॅमेऱ्याने किंवा फिल्मवर काढलेल्या फोटोत उन्हातलं केशरी कापड फिकट केशरी होतं आणि मग हळूहळू पांढऱ्याकडे जातं. कलर मॅनेजमेंटमधल्या व्ह्यू ट्रान्सफॉर्मने हेच काम करायचं असतं, आणि Standard हा त्यातलाच एक पर्याय. रेंडरच्या आत प्रकाशाचे आकडे कितीही मोठे असू शकतात, ते स्क्रीनच्या छोट्या पेटीत बसवताना कुठे दाबायचं आणि दाबताना रंगछटा कशी सांभाळायची हे तो ठरवतो.

ब्लेंडर २.७९ सोबत २०१७ मध्ये Filmic हा नवा व्ह्यू ट्रान्सफॉर्म आला, आणि २.८० मध्ये तो आपोआप निवडलेला पर्याय झाला. आम्ही आनंदाने उडी मारली. खिडक्या जळणं थांबलं, उजेडाच्या कडा मऊ झाल्या. पण केशरी पडद्याचं दुखणं पूर्ण गेलं नाही. Filmic मुळात प्रत्येक चॅनेल वेगळा दाबतो, त्यामुळे तेजस्वी भागात छटा सरकायची ती थोडी सरकतच होती. शिवाय चित्र फिकं वाटायचं, कारण त्यात १.० हा आकडा पांढरा दिसत नाही, राखाडीकडे झुकतो. पांढरं व्हायला त्याला सोळाच्या आसपासची किंमत लागते.

इथे आम्ही एक चूक केली आणि ती काही वर्षं बाळगली. चित्र फिकं दिसतं म्हणून मटेरियलचे रंग गडद करायला लागलो. तोच पडदा ०.८, ०.२५, ०.०३ वरून ०.९, ०.१५, ०.० असा केला. समोरून बरा दिसला. पण कापडाला चुण्या असतात, आणि चुणीच्या आत प्रकाश दोनदा आपटतो, म्हणजे रंग स्वतःशीच गुणला जातो. मूळ रंगात दुसऱ्या आपटीनंतर लाल आणि हिरव्याचं प्रमाण साधारण दहाला एक राहतं. गडद केलेल्या रंगात ते छत्तीसला एक होतं. चुण्या रक्ताळल्यासारख्या लाल दिसू लागल्या आणि बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर लालसर झाक पसरली. शिवाय निळा शून्य केला की पहिल्याच आपटीत त्या प्रकाशातला निळा पूर्ण संपतो, तो कुठूनही परत येत नाही. ग्राहकाला फक्त 'काहीतरी कृत्रिम आहे' एवढंच जाणवायचं. आम्ही दिवे बदलत बसायचो, आणि दोष मटेरियलमध्ये होता. म्हणून आता आमच्याकडे कडक नियम आहे: दिसण्यासाठी बेस कलरला हात लावायचा नाही. कापडाचा मोजलेला रंग असेल तो असेल. पांढरी भिंत ०.८ च्या वर नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्लेंडर ४.० आला आणि आपोआप निवडलेला पर्याय म्हणून Filmic च्या जागी AgX आला. नाव फिल्मवरच्या चांदीच्या हॅलाइडवरून, कारण वागणूकही तशी हवी होती. मूळ कल्पना ट्रॉय सोबोत्का यांची, Filmic त्यांचाच. फरक असा की दाबण्याआधी AgX चॅनेल एकमेकांत थोडे मिसळतो. लाल एकटा छाटला जात नाही, तो वर चढताना हिरवा आणि निळा यांनाही सोबत घेतो. म्हणून चौपट प्रकाशातला पडदा केशरीच राहून फिकट होतो. मी जुनी फाइल उघडली, पडद्याला मूळचे तीन आकडे परत दिले आणि एक्स्पोजर एकेक स्टॉप वाढवत गेलो. केशरी, मग फिकट केशरी, मग मलईसारखा, मग पांढरा. पिवळा कुठेच आला नाही. भागीदाराला हाक मारून बोलावलं तेव्हा त्याने स्क्रीनकडे पाहून एवढंच म्हटलं, "हं, हे कापड आहे."

ही एक्स्पोजरची शिडी आता आमची पहिली चाचणी आहे. रेंडर एकदाच करायचं, ओपनईएक्सआरमध्ये साठवायचं. त्यात व्ह्यू ट्रान्सफॉर्म भाजला जात नाही, प्रकाशाचे मूळ आकडे राहतात. मग एक्स्पोजर उणे दोनपासून अधिक चारपर्यंत नेऊन फक्त तेजस्वी भाग बघायचे. छटा सरकत असेल तर दोष ट्रान्सफॉर्मचा. छटा टिकून रंग नुसता फिका होत असेल तर काम बरोबर चाललंय. दृश्यात ०.१८ चा एक राखाडी गोळा ठेवतो आणि उजेडाची पातळी वेगवेगळ्या रंगांत दाखवणाऱ्या False Color मध्ये बघतो. मुख्य विषयाशेजारचा तो गोळा राखाडीत आला की एक्स्पोजर ठीक. मगच लूककडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मसोबत मिळणाऱ्या तयार कॉन्ट्रास्टच्या पर्यायांकडे जायचं, आधी नाही. अंधार जास्त वाटतो म्हणून लूक बदलणं म्हणजे दिव्याची उणीव कॉन्ट्रास्टने झाकणं.

लूकमध्ये आम्ही घरांच्या चित्रांसाठी Medium High Contrast वर स्थिरावलो. नुसता AgX सपाट वाटतो. हे त्याचं वैगुण्य नाही, पुढे काम करायला जागा राहावी म्हणून तो तसा ठेवलाय. Punchy मोहक आहे, पण तो चित्र गडदही करतो, आणि लाकडी फर्निचरच्या सावल्या त्यात बुडतात. गॅमा १ वरच राहतो. दर फाइलमध्ये हे आपोआप यावं म्हणून सुरुवातीला ही छोटी स्क्रिप्ट चालते:

```python
import bpy

v = bpy.context.scene.view_settings
v.view_transform = 'AgX'
v.look = 'AgX - Medium High Contrast'
v.exposure = 0.0
v.gamma = 1.0
```

AgX सगळीकडे चालतो असं मात्र नाही, आणि हे आम्हाला दुसऱ्या ग्राहकाने शिकवलं. त्यांचं काम होतं पांढऱ्या पार्श्वभूमीवर प्लास्टिकच्या डब्यांचं. पॅकिंगवर छापलेला लाल आणि चित्रातला लाल जुळायला हवा होता. AgX मध्ये तो लाल नेहमी जरा मवाळ यायचा, कारण चॅनेल मिसळणं हेच त्याचं काम आहे. मध्यम प्रकाशातल्या भडक रंगालाही ते लागू होतं. त्यांचे व्यवस्थापक पॅकिंगचा कागद स्क्रीनशेजारी धरून म्हणाले, "हा घ्या आमचा लाल, आणि हा तुमचा." वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

अशा कामासाठी आता Khronos PBR Neutral घेतो, तो ४.२ पासून ब्लेंडरमध्ये आहे. तो सुमारे ०.८ पर्यंत रंग जवळपास जसाच्या तसा जाऊ देतो. फक्त पृष्ठभागाची पांढरी चमक रंगात मिसळते तेवढा ०.०४ चा वाटा काढून घेतो, आणि त्याच्या वरचंच दाबतो. म्हणून प्रकाश राखाडी आणि व्यवस्थित असेल तर बेस कलरमध्ये दिलेला लाल स्क्रीनवर तोच निघतो. अट मात्र ओळखायला हवी: तेजस्वी भाग लहान असावेत, डब्याच्या कडेवरची चमक इतकेच. हाच ट्रान्सफॉर्म उन्हाच्या खोलीवर लावून पाहिला तेव्हा खिडकी आणि उन्हाचा पट्टा लगेच पांढरे होऊन सपाट झाले. ०.८ च्या वर जागाच थोडी आहे, सोळापट प्रकाश त्यात कुठे बसणार.

एक जागा जिथे नवीन मुलं हमखास अडकतात ती सांगतो. पीएनजी रेंडर करून तेच परत कंपोझिटरमध्ये आणून पुन्हा साठवलं तर AgX दोनदा लागतो. पांढरं राखाडी होतं, सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं. ग्राहकाचा लोगो दृश्यात उजळ मटेरियल म्हणून ठेवला तरी तसंच, तो मळकट येतो. लोगो आम्ही ट्रान्सफॉर्म झाल्यानंतर अंतिम चित्रावर चढवतो. आणि तयार चित्रांचा व्हिडिओ जोडायची फाइल वेगळी ठेवतो, तिच्यात Standard.

केशरी पडद्याच्या बाईंचं कामही पुन्हा आलं. यावेळी पडदा निळा होता. त्यांना पाठवायच्या आधी मी शिडी चालवली, अधिक तीनपर्यंत. निळा आकाशी झाला नाही. त्यांनी उत्तरात फक्त पुढच्या चार रंगांचे आकडे पाठवले.