मावळत्या अध्यक्षांचं भाषण

अध्यक्ष मावळताना बोलतात ते बहुतेक आभार. त्यामुळे गणेश मंडळाच्या हिशेबाच्या सभेला आम्ही पंचवटीतली मंडळी पेढ्यांवर नजर ठेवूनच बसलो होतो. यंदा अण्णांनी आभार एका दमात उरकले आणि थेट पावतीपुस्तकं काढली.

"दहा पुस्तकं छापली. पन्नास-पन्नास पावत्यांची, म्हणजे 500. लिहिलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती आल्या 412, कोऱ्या परत आल्या 85. उरलेल्या तीन कुठे आहेत, मला माहीत नाही."

"तीनच ना!" मागून कुणीतरी म्हणालं.

अण्णा शांतपणे म्हणाले, कोऱ्या पावतीवर आकडा छापलेला नसतो. तीनांवर मिळून दीडशेही लिहिता येतात आणि पंधरा हजारही. शिवाय ताळेबंद चोख जुळतो, कारण जमेची बाजू आपण स्थळप्रतींवरूनच धरतो. जी स्थळप्रत आलीच नाही, तिचे पैसे कमी पडलेले दिसणार कुठे? म्हणून पैशांआधी पावत्या मोजायच्या. मला हे पटलं. इतकी वर्षं आम्ही खर्चाच्या बिलांवर भांडत आलो, तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

मग नव्या अध्यक्षाकडे वळून (पोरगा पंचविशीचा, सदरा नवाकोरा) ते म्हणाले, "पुस्तक देताना पहिला-शेवटचा नंबर लिहून सही घे. जुनं जमा झाल्याशिवाय नवं देऊ नकोस, मग तो माझा पुतण्या का असेना." पुतण्या समोरच होता, तो पेढ्याकडे पाहू लागला.

सजावट, आरास, महाप्रसाद दोन मिनिटांत संपले. मिरवणुकीवर मात्र अण्णा पुन्हा रेंगाळले. वाकडी बारवेपासून निघालेली रांग कशी सरकते, हे नाशिककरांना सांगायला नको. ढोलपथकाशी तासांवर बोली केली होती. पथक वेळेवर आलं आणि आपला नंबर लागेपर्यंत त्याचे निम्मे तास उभ्या उभ्याच संपले. रात्री बाराला वाद्यं बंद, तो नियम काही आपल्यासाठी थांबत नाही. "वेळेची बोली करू नकोस. अमुक चौकापासून तमुक चौकापर्यंत, अशी कर. दोन पैसे जास्त मागतील, देऊन टाक."

नव्या अध्यक्षाने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "त्या तीन पावत्यांचं काय करू?"

"ते तीन नंबर आज इतिवृत्तात रद्द लिही आणि उद्या फलकावर लाव. कुणाच्या घरी त्यातली पावती निघाली, तर तो माणूस आपणहून दाखवायला येईल. पुस्तक कुणाकडे होतं ते नोंदवहीत बघ आणि मग त्याच्याशी एकट्यात बोल, सभेत नको."

पुतण्याने तोवर पेढा संपवला होता.