तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुणे पाच ते साडेसहा

"तुम्ही सगळं बोलून टाइप करता म्हणता, आणि गल्लीच्या ग्रुपवर मराठी-कन्नड दोन्ही मेसेज तुमचेच. मग आमच्यासारखे घोळ तुमच्या मेसेजात कसे होत नाहीत?"

होत होते. सगळ्यात मोठा घोळ माझ्याच नावावर आहे, त्यामुळं तिथूनच सुरू करतो.

आमची गल्ली बेळगावात, अनगोळच्या बाजूला. शहराला पाणी राकसकोपहून आणि हिडकल धरणातून येतं, पण आमच्या नळाला ते कधी येणार हे गल्लीतल्या कुणीतरी विचारून सगळ्यांना कळवावं लागतं, आणि ते 'कुणीतरी' बरीच वर्षं मीच आहे. निम्मी घरं मराठी, निम्मी कन्नड. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बारीक कीबोर्ड जमेना म्हणून मी माइक दाबून बोलायला लागलो. एकदा असंच बोललो, जे उमटलं ते तसंच भाषांतराच्या अॅपमध्ये टाकलं आणि दोन्ही मेसेज पाठवून झोपलो. सकाळी समोरचे कन्नड अण्णा गेटाशी उभे. म्हणाले, "मास्तर, यार बरतार?" कोण येणार आहे? त्यांच्या मेसेजात लिहिलं होतं की गुरुवारी पहाटेपासून साडेसहापर्यंत पाच अतिथी येणार.

मी बोललो होतो 'पावणेपाच'. फोननं लिहिलं 'पाहुणे पाच'. चूक तरी कशी म्हणायची! आमच्याकडं पाहुण्याला पावणाच म्हणतात. यंत्रानं आमची बोली ऐकली आणि शुद्ध करून दिली.

त्या दिवशी मी काय बोललो आणि पडद्यावर काय आलं, ते शेजारी शेजारी ठेवतो.

बोललो ते असं: "परवा गुरुवारी पहाटे पावणेपाच ते साडेसहा नळाला पाणी येईल. शुक्रवारी मेन लाइनचं काम असल्यामुळं पाणी येणार नाही. टाकी, घागरी भरून ठेवा. अनगोळच्या वळणाला खड्डा काढलाय, गाड्या तिकडून नेऊ नका."

उमटलं ते असं: "परवा गुरुवारी पहाटे पाहुणे पाच ते साडेसहा नाल्याला पाणी येईल शुक्रवारी मेन लाईनचं काम असल्यामुळे पाणी येणार टाकी घागरा भरून ठेवा अनमोलच्या वळणाला खड्डा काढलाय गाड्या तिकडून नेऊन का"

यात एकही शब्द अशुद्ध नाही, हे आधी बघा. हातानं टाइप करताना बोट घसरलं तर 'पणाी' असं काहीतरी होतं, खाली लाल रेघ येते, आपल्याला कळतं. बोलून टाइप केलेल्या मजकुरात तसं होत नाही. ऐकलेल्या आवाजाला जवळचा, त्याच्या ओळखीचा असा खराच शब्द यंत्र निवडतं. अनगोळ त्याच्या ओळखीचं नसेल तर अनमोल. नळाला नीट ऐकू आलं नाही तर नाल्याला. लाल रेघ कुठंच नाही. आणि आपण काय बोललो ते आपल्याला पाठ असल्यामुळं डोळे पडद्यावरचं वाचतच नाहीत, मनातलंच वाचतात. मी तो मेसेज पाठवण्याआधी दोनदा वाचला होता!

पुढचा घोळ भाषांतर करतं. मराठीत 'नाल्याला पाणी येईल' वाचून आपला माणूस हसतो आणि नळ समजून घेतो, कारण आवाज जवळचा आहे. कन्नडमध्ये गेल्यावर ते जवळपण संपतं. तिथं पाहुण्याचे अतिथी होतात, आणि अतिथीवरून पावणेपाचपर्यंत परत यायला कुठलीच वाट उरत नाही. वाक्य मात्र गुळगुळीत होतं. म्हणून माझा नियम एकच: मराठी पूर्ण साफ झाल्याशिवाय कन्नडला हात लावायचा नाही. दोन्ही मजकूर एकदम दुरुस्त करायला बसलं की एकीकडची दुरुस्ती दुसरीकडं न्यायची राहते.

मराठी साफ करताना मी शुद्धलेखन शेवटी बघतो. लाईन की लाइन, यावरून कुणाची टाकी रिकामी राहत नाही. आधी बघतो नकार. त्या मेसेजातलं खरं संकट पाहुणे नव्हते, शुक्रवार होता. 'पाणी येणार नाही' म्हणताना वाक्याच्या शेवटी माझा आवाज खाली गेला, 'नाही' ऐकलंच गेलं नाही, आणि उरलं 'पाणी येणार'. मराठीत शेवटचा शब्द गळला तरी वाक्य पुरं राहतं, फक्त उलटं होतं. तीच गत 'नेऊ नका' आणि 'नेऊन का' यांची. म्हणून बोलण्याआधी मी बोटांवर मोजतो की या मेसेजात नकार किती. इथं दोन: एक 'नाही', एक 'नका'. पडद्यावर दोन सापडले पाहिजेत. नाही सापडले तर ते वाक्य सरळ पुसून पुन्हा बोलतो, यावेळी 'नाही' जरा ठासून. हल्ली तर वाक्यच फिरवतो: "शुक्रवारी पाणी बंद." नकार शब्दात भरून टाकला की गळायला काही उरत नाही.

मग आकडे आणि वार. पावणे, सव्वा, दीड, अडीच ही आपली लाडकी मापं बोलून टाइप करताना टाळावीत, असं माझं ठाम मत झालंय. आता मी 'चार पंचेचाळीस' म्हणतो आणि उमटल्यावर ४.४५ करतो. आणखी एक कारण आहे. मराठीत पावणेपाच म्हणताना आपण पाचाकडं बघतो, पाव कमी. कन्नडमध्ये तीच वेळ 'नाल्कू मुक्कालु', चार आणि पाऊण. तिथं नाव चाराचं. त्यामुळं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर झालं तर तास चुकायची भीती असते. आकड्यात लिहिलं की ज्यानं त्यानं आपल्या भाषेत वाचावं.

गावांची नावं मी बोलतच नाही. अनगोळ, येळ्ळूर, मच्छे, हलगा ही चार नावं फोनवर दोन्ही लिप्यांत लिहून ठेवलीत, तिथून उचलून चिकटवतो. मच्छेची मच्छी आणि हलग्याचं हलकं किती वेळा करून घ्यायचं माणसानं?

बोलीबद्दल थोडं. घरी आम्ही 'पाणी येऊलालंय' म्हणतो. माइकसमोर ते चालत नाही, तुकडे पडतात. म्हणून तेवढ्यापुरतं पुस्तकी बोलतो, एक वाक्य, मग थांबून उमटलेलं बघतो, मग दुसरं. आमची आई आतून विचारते, "कुणाचं भाषण लावलंयस?"

आता कन्नड. मी कन्नड बोलतो, पण माइकवर कन्नड बोलून बघितलं आणि सोडून दिलं. कन्नडात ह्रस्व आणि दीर्घ ए वेगळे. 'बेळे' आखूड बोललं तर पीक, लांबवलं तर डाळ. आपल्या जिभेला आणि देवनागरीलाही तो फरक सवयीचा नाही. शिवाय भाषा बदलायचं विसरून मराठीच्या माइकवर कन्नड बोललं तर निराळीच मजा. 'ओय्यबेडि' म्हणजे नेऊ नका. त्यातल्या 'बेडि'ची माझ्या फोननं सरळ बेडी केली. म्हणून साफ झालेलं मराठी भाषांतराला देतो आणि आलेलं कन्नड तपासतो.

तपासायचं कसं? पुष्कळजण कन्नड मजकूर पुन्हा मराठीत उलटवून बघतात. मीही तेच करायचो, आणि त्यानं मला एकदा चांगलंच फसवलं. पावसाळ्यात गढूळ पाणी येणार होतं, तेव्हा मी लिहिलं: "परवाचं पाणी उकळूनच प्या." कन्नडात आलं, "मोन्नेय नीरन्नु". उलटवून बघितलं तर 'परवाचं पाणी'. बरोबर! पाठवलं. पण मराठीतला परवा दोन्हीकडं चालतो, मागं आणि पुढं. कन्नडात पुढचा परवा 'नाडिद्दु' आणि मागचा 'मोन्ने'. यंत्रानं मागचा धरला होता, आणि मराठीत परतताना दोघांचाही पुन्हा परवाच झाला. चूक परतीच्या वाटेवर पुसली गेली. कन्नड घरांनी दोन दिवसांपूर्वी भरून ठेवलेलं चांगलं पाणी उकळलं आणि गढूळ पाणी आलं त्या दिवशी तसंच प्यायले. पोटं बिघडली नाहीत हे नशीब.

तेव्हापासून परवा, काल-उद्या सगळं बंद. वार आणि तारीख, दोन्ही. वार बहुतेक दोन्ही भाषांत सारखेच ऐकू येतात, म्हणून लिपी नीट येत नसलेल्यालाही ते दुसऱ्याकडून ऐकून जुळवता येतात. तारीख आणि वार एकमेकांशी जुळत नसतील तर कुठंतरी घसरलंय, हे लगेच कळतं.

कन्नड मजकुरात मी पुन्हा मोजतोच. मराठीत 'नाही' एक आणि 'नका' एक, तर कन्नडात 'इल्ल' एक आणि 'बेडि' एक. आकडे मराठीत तीन असतील तर इकडंही तीन. 'बंद' हा शब्द दोन्हीकडं तोच, तेवढंच एक मोजायचं कमी. वाचायला मला वेळ लागतो, पण एवढं शोधायला अडत नाही.

शेवटी पलीकडच्या अक्कांना फोन करतो आणि मेसेज वाचायला लावतो. 'बरोबर आहे का' असं विचारत नाही. त्याला सगळे होयच म्हणतात. मी विचारतो, "अक्का, हे वाचून तुम्ही गुरुवारी काय कराल, शुक्रवारी काय कराल?" त्या म्हणाल्या, "गुरुवारी चार पंचेचाळीसला उठायचं, घागरी भरायच्या. शुक्रवारी भांडी कमी काढायची." की मेसेज जातो.

गेल्या वेळी त्यांनी एक तक्रार मात्र केली. भाषांतराचं कन्नड कचेरीतल्या नोटिशीसारखं वाटतं म्हणे. 'नीरु बरुत्तदे' असं कोण बोलतं, 'नीर बरतैति' लिहा. मी म्हटलं, लिहितो. मग आठवलं की मराठीत मी स्वतः 'येऊलालंय' सोडून 'येईल' लिहितोय. दोघांनी थोडा वेळ विचार केला, आणि नोटीसच राहू दिली.