एडी १३० असूनही स्टॅटिक रूटच जिंकत होता

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क माझ्याकडे आलं, तेव्हा तक्रार एकच होती. चिंचोली एमआयडीसीतल्या गोदामाचं बिलिंग फार रखडत होतं. दोन्ही ठिकाणांमध्ये लीज्ड लाइन होती आणि तिच्यावर ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवण्याचा प्रोटोकॉल, चालू होतं. ती तुटली तर सोय म्हणून साध्या ब्रॉडबँडवरून टनेल काढला होता आणि त्यासाठी स्टॅटिक रूट हातानं लिहून ठेवला होता.

लाइन पुरवणारे म्हणत होते की लाइन ठणठणीत आहे. गोदामाच्या स्टोअरकीपरला फोन लावला तर तो म्हणाला, "सर, कॅमेरे मस्त पळायलेत बघा. बिलिंगच तेवढं अडकायलंय." दोन्ही एकाच गोदामात, मग एकच का अडतंय? म्हणून कारखान्यातल्या राउटरवर `show ip route` मारलं. कामाच्या ओळी या दोन:

```
O IA  10.20.0.0/16 [110/2] via 172.16.1.2
S     10.20.30.0/24 [130/0] via 172.16.9.2
```

`O` ची ओळ ओएसपीएफची, `S` ची स्टॅटिकची. चौकटी कंसातला पहिला आकडा म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, आपण एडी म्हणतो तो. दुसरा मेट्रिक. एकाच नेटवर्कचा रस्ता दोन वेगळ्या ठिकाणांहून कळला, तर राउटर ज्याचा एडी कमी त्याला टेबलात घेतो. सिस्कोच्या राउटरवर थेट जोडलेल्या नेटवर्कचा ०, स्टॅटिकचा १, ओएसपीएफचा ११०, रिपचा १२०. ओएसपीएफची कॉस्ट आणि रिपचे हॉप यांचा एकमेकांशी काही ताळमेळ नाही, म्हणून आधी एडी बघायचा आणि मेट्रिक एकाच प्रोटोकॉलच्या आत बघायचं. (दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर हे आकडे वेगळे असतात, पाठ करून जाऊ नये.)

आता स्टॅटिक नुसता लिहिला तर एडी १ मुळे तोच कायम पुढे राहील. म्हणून ज्यानं कोणी हे बसवलं, त्यानं शेवटी १३० घातला होता, म्हणजे तो ओएसपीएफच्या मागे राहावा. विचार बरोबरच. याला फ्लोटिंग स्टॅटिक म्हणतात. पण घोटाळा एडीत नव्हताच, `/16` आणि `/24` मध्ये होता.

एडीची तुलना तंतोतंत त्याच नेटवर्कसाठी, तेवढ्याच मास्कच्या रूट्समध्ये होते. गोदामाचा राउटर ओएसपीएफमध्ये सगळं एकत्र करून एकच `/16` पाठवत होता. राउटरच्या लेखी `/16` आणि `/24` ही दोन वेगळी नेटवर्कं, त्यामुळे तुलना न होताच दोन्ही टेबलात बसली. पॅकेट पाठवताना मात्र जास्तीत जास्त बिट जुळणारी ओळ निवडली जाते, तिथे एडी कोणी विचारत नाही. बिलिंगचा सर्व्हर `10.20.30.15`, म्हणून तो कायम टनेलमधून. कॅमेरे `10.20.40.0` मध्ये, त्यांना फक्त `/16` जुळायचा, म्हणून ते लीज्ड लाइनवरून. १३० च्या जागी २५० घातले असते तरी फरक पडला नसता. खात्री करायला `show ip route 10.20.30.15` मारलं, तर `/24` चीच ओळ आली.

दुरुस्ती दोन ओळींची:

```
no ip route 10.20.30.0 255.255.255.0 172.16.9.2 130
ip route 10.20.0.0 255.255.0.0 172.16.9.2 130
```

आता मास्क सारखे झाले. स्टॅटिक टेबलातून गायब झाला, फक्त कॉन्फिगमध्ये राहिला, आणि तसाच हवा होता. बिलिंग लगेच सुधारलं.

चाचणी घेतल्याशिवाय मी निघत नाही. रात्री काम थांबल्यावर मीडिया कन्व्हर्टरमधून लीज्ड लाइनचं फायबर काढलं. राउटरचा पोर्ट कन्व्हर्टरला जोडलेला, त्यामुळे तो अपच दिसत राहिला. ओएसपीएफनं शेजारी सोडायला डेड टायमर संपेपर्यंत, म्हणजे नेहमीच्या सेटिंगला ४० सेकंदांपर्यंत वेळ घेतला. मग `S` ची ओळ टेबलात उगवली, पण पिंग काही परत येईना. गोदामाच्या राउटरवर कारखान्याकडे येणारा फ्लोटिंग रूटच नव्हता. एडी त्या त्या राउटरपुरता असतो, तो शेजाऱ्याला कळवला जात नाही. तिकडे वेगळी ओळ लिहिल्यावर पिंग सुरू झालं.

एक गोष्ट उरली होती. ब्रॉडबँड बंद पडलं तरी टनेल इंटरफेस अप दाखवू शकतो, आणि फ्लोटिंग रूट टेबलात दिसत नसल्यामुळे बॅकअप मेल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पलीकडून उत्तर थांबलं की टनेल डाउन दिसावा यासाठी दोन्ही टनेल इंटरफेसवर `keepalive 10 3` लावलं आणि `172.16.9.2` ला पिंग करत राहील असा मॉनिटर कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसवला.