माझा अनुभव : १७७६ सालचा ‘यंत्रलिखित’ परिच्छेद

प्रबंध लिहून झाला, मार्गदर्शकांची सही झाली, वाङ्मयचौर्याची तपासणीही एका दिवसात पार पडली. त्यानंतर एकाच परिच्छेदासाठी मला जवळजवळ दोन महिने थांबावे लागले, आणि तो परिच्छेद मी लिहिलेलाच नव्हता.

माझ्या इंग्रजी प्रबंधाचे तिसरे प्रकरण नैसर्गिक हक्कांच्या भाषेवर आहे. त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील ‘वुई होल्ड दीज ट्रुथ्स टू बी सेल्फ-एव्हिडंट’ येथून सुरू होणारा सुमारे एकशे दहा शब्दांचा उतारा मी अवतरणचिन्हांत, तळटीप देऊन घेतला होता. मजकूर यंत्राने लिहिला आहे का हे पाहणाऱ्या एआय-तपासणीच्या अहवालात नेमका तोच उतारा सलग पिवळा होऊन आला, आणि त्याच्या आगेमागे असलेली माझी दोन-दोन वाक्येही. प्रकरणाचा गुणांक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला आणि शेरा पडला : ‘चिन्हांकित भाग पुन्हा लिहून सादर करावा.’

मी कार्यालयात गेले. तेथील गृहस्थ सभ्य होते, पण त्यांच्यासमोर फक्त आकडा होता.

“मॅडम, पिवळा भाग स्वतःच्या शब्दांत लिहा, म्हणजे झालं.”

“सर, हा मजकूर १७७६ सालचा आहे. तो मी स्वतःच्या शब्दांत कसा लिहू?”

“ते मला कळतं हो, पण सिस्टीम घेत नाही.”

वाङ्मयचौर्याच्या तपासणीत अवतरणे वगळण्याची सोय होती, तशी या तपासणीत नव्हती. मी अर्ज दिला. तो परत आला, कारण त्याला ‘तांत्रिक कारण’ जोडलेले नव्हते. तांत्रिक कारण कोणी द्यायचे, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “अर्जदाराने.” त्या दिवशी मी इतकी चिडले होते की घरी येऊन तो उतारा खरोखरच बदलायला बसले, आणि दोन ओळींनंतर स्वतःचीच लाज वाटून थांबले. (येथेच एक सांगून ठेवते : पहिल्या अहवालाची प्रत तारखेसह जपून ठेवा. साधनाची आवृत्ती बदलली की तोच मजकूर वेगळा गुणांक आणतो, आणि मग आधी काय घडले होते हे दाखवायला हाती काहीच उरत नाही.)

मग ते तांत्रिक कारण मीच शोधायला लागले. अशा अनेक साधनांच्या मुळाशी एक माप असते, पर्प्लेक्सिटी. भाषा-प्रारूपाला, म्हणजे पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत लिहिणाऱ्या यंत्रणेला, मजकूर शब्दागणिक दाखवायचा आणि प्रत्येक ठिकाणी पाहायचे, की पुढे जो शब्द प्रत्यक्षात आला त्याला प्रारूपाने किती शक्यता दिली होती. प्रत्येक शब्दाला सरासरीने वीसात एक शक्यता मिळाली, तर पर्प्लेक्सिटी वीस. दहात नऊ मिळाली, तर साधारण १.१. प्रारूप स्वतः लिहिते तेव्हा ते बहुतेक वेळा अधिक शक्यतेचेच शब्द निवडते, त्यामुळे त्याच्या लेखनाची पर्प्लेक्सिटी कमी असते. साधन हाच तर्क उलटा लावते : पर्प्लेक्सिटी कमी, म्हणजे लेखन यंत्राचे.

गफलत नेमकी येथे होते. शब्द ओळखता येण्याची कारणे दोन असू शकतात. एक तर वाक्य गुळगुळीत आणि सरधोपट असते, किंवा प्रारूपाला ते पाठ असते. जाहीरनाम्यातील हे वाक्य पाठ्यपुस्तके, भाषणे, निबंध, संकेतस्थळे अशा असंख्य ठिकाणी उद्धृत झालेले आहे, आणि प्रारूपे अशाच मजकुरावर घडवली जातात. प्रशिक्षणापूर्वी जशीच्या तशी पुन्हा आलेली पाने गाळली जातात हे खरे, परंतु हजारो वेगवेगळ्या लेखांच्या पोटात बसलेले तेच वाक्य त्या चाळणीतून निसटते, आणि जितक्या वेळा ते समोर येते तितके पक्के पाठ होते. मग पर्प्लेक्सिटी तळाला जाते आणि साधनाला १७७६ सालचा लेखक यंत्र वाटू लागतो. नुसती सरासरी काढणाऱ्या या मापाला ‘घोकलेले’ आणि ‘घडवलेले’ यांतला फरक कळायला मार्गच नाही.

हे नुसते सांगून कार्यालय ऐकणार नव्हते. म्हणून एका परिचिताच्या मदतीने २०१९ सालचे, कोणालाही उतरवून घेता येणारे GPT-2 हे प्रारूप संगणकावर चालवले. मोजणीचा गाभा दोनच ओळींचा आहे :

```python
loss = model(ids, labels=ids).loss
print(torch.exp(loss))
```

त्यात आम्ही एकाच वाक्याची दोन रूपे दिली. एक सर्वज्ञात रूप. दुसरे जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या कच्च्या मसुद्यातले, जेथे ‘सेल्फ-एव्हिडंट’ऐवजी ‘सेक्रेड अँड अनडिनायेबल’ असे शब्द होते. लेखक तोच, काळ तोच, आशयही जवळपास तोच. छापील रूपाची पर्प्लेक्सिटी स्पष्टपणे कमी आली. शब्दागणिक आकडे पाहिले तेव्हा ‘टू बी’पर्यंत दोन्ही रूपे अर्थातच एकसारखी चालत होती, त्यापुढे ‘सेल्फ’ला प्रारूप जणू वाटच पाहत असल्यासारखे स्वीकारत होते, आणि ‘सेक्रेड’पाशी मात्र अडखळत होते. पुढचा ‘ऑल मेन आर क्रिएटेड ईक्वल’ हा भाग आला की दोन्हीकडे गाडी पुन्हा रुळावर. हा आलेख मी अर्जाला जोडला, आणि खरे सांगायचे तर प्रबंधातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा त्याचा मला अधिक अभिमान आहे.

माझी आगेमागची वाक्ये पिवळी का झाली, याचाही उलगडा होण्यासारखा होता. काही साधने वाक्य एकटे न मोजता शेजारच्या वाक्यांसह खिडकी सरकवत मोजतात. खिडकीत जाहीरनामा शिरला की शेजारची वाक्येही त्याच्याबरोबर खाली ओढली जातात. त्यामुळे तेच प्रकरण अवतरणासह, अवतरणाविना, आणि केवळ अवतरण, असे तीनदा तपासून तिन्ही अहवाल एकत्र द्यावेत. माझ्याकडे अवतरण काढताच ती चारही वाक्ये स्वच्छ झाली, आणि कार्यालयाला आलेखापेक्षा हेच लवकर पटले. मात्र केवळ अवतरण तपासताना ते फार तोकडे देऊ नये, कारण थोड्या शब्दांवर कोणतेही साधन भरवशाचे नसते.

मजकूर जुना आहे म्हणून पिवळा होतो, असेही अर्जात लिहू नका. मी पहिल्या अर्जात तीच चूक केली होती. त्याच प्रकरणातले एका अप्रसिद्ध पत्रातले, तितकेच जुने अवतरण साधनाने बिनबोभाट सोडले होते. वयाचा येथे संबंध नाही, पुनरावृत्तीचा आहे. आणखी एक मर्यादा मी स्वतःहून नमूद केली : या पुराव्यावरून अवतरणाचा आकडा निरर्थक ठरतो, माझे उरलेले लेखन माझेच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी मी मसुद्यांच्या तारीखवार प्रती वेगळ्या दिल्या. हे प्रामाणिकपणे लिहिल्यामुळेच समितीने अर्ज वाचला असावा, असे मला वाटते.

काही साधने आता प्रसिद्ध मजकुरांची यादी ठेवून ते वगळतात, असे मला सुचवण्यात आले. त्याने जाहीरनामा सुटेल. पण यादीत नसलेले, तरीही प्रारूपाला पाठ असलेले वाक्य कोणाच्या प्रबंधात आले, तर त्याने कोणता आलेख काढायचा?

अखेर सातव्या आठवड्यात शेऱ्याच्या रकान्यात हाताने लिहून मिळाले : ‘अवतरण वगळून तपासले.’ त्याखाली सही आणि शिक्का. जोडलेल्या अहवालात जेफरसनचा परिच्छेद अजून पिवळाच आहे.