आईच्या फोनमधली वाय-फायची जुनी यादी

सराफ्यात गेलं की आईचं यूपीआय पेमेंट हमखास अडकायचं. रेंज पूर्ण, मोबाइल डेटा चालू, तरी चक्र फिरतच राहायचं. एकदा तिथेच उभं राहून स्क्रीनच्या वरच्या पट्टीकडे नीट पाहिलं, तर वाय-फायचं चिन्ह दिसत होतं. मागे एका लग्नात जवळच्या हॉटेलचं बिनपासवर्डचं वाय-फाय जोडलं होतं. त्याचा क्षीण सिग्नल मिळाला की फोन आपणहून तिकडे वळत होता.

पैसे अडकतात त्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. पासवर्ड असलेल्या नेटवर्कमध्ये समोरच्या राउटरलाही तो पासवर्ड माहीत असावा लागतो, नाहीतर जोडणी पुरी होत नाही. उघड्या नेटवर्कला मात्र फोन नावावरून ओळखतो. त्याच नावाचं हॉटस्पॉट कुणीही सुरू केलं, तरी फोन त्याला जुनी ओळख समजतो.

घरी आल्यावर वाय-फायच्या सेटिंगमध्ये `Saved networks` उघडलं. प्रवासातली, लॉजमधली, जुन्या भाड्याच्या घरातली कितीतरी नावं निघाली. ज्यांच्यापुढे कुलूप नव्हतं ती आधी `Forget` केली. मावशीकडचं वाय-फाय ठेवलं, कारण `Forget` केलं की पासवर्डही जातो आणि पुन्हा मागावा लागतो. आई ज्या वाचनालयात जाते तिथलं वाय-फाय उघडं आहे, पण तिला ते लागतं. म्हणून ते न पुसता त्याच्या पानावरचं `Auto-connect` बंद केलं. आता ती हवं तेव्हा स्वतः जोडते. मग वाय-फायच्या पसंतींमध्ये जाऊन सार्वजनिक नेटवर्कना आपोआप जोडण्याचा पर्यायही बंद केला. ही नावं फोनच्या कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. आयफोनमध्ये `Auto-Join` आणि `Forget This Network` शोधावं.

त्यानंतर ग्वाल्हेरहून आत्या आली. तिला पासवर्ड अक्षर-अक्षर सांगण्याऐवजी मी घरच्या नेटवर्कच्या पानावर `Share` दाबलं, बोटाचा ठसा दिला आणि क्यूआर कोड आला. तिने कॅमेरा धरला, जोडणी झाली. आत्या म्हणाली, "या कोडचा फोटो मला व्हॉट्सॲपवर टाक ना, मुलांना पाठवते." तेव्हा तिला कोडच्या आत काय असतं ते लिहून दाखवलं:

```
WIFI:T:WPA;S:Ghar_Indore;P:Jeeravan-Pohe-56;;
```

`S:` पुढे नेटवर्कचं नाव, `P:` पुढे पासवर्ड, जसाच्या तसा. (इथला पासवर्ड अर्थातच बनवलेला आहे.) म्हणजे कोडचा फोटो पाठवणं आणि पासवर्ड लिहून पाठवणं एकच. एकदा दिलेला कोड परतही घेता येत नाही. राउटरचा पासवर्ड बदलला तरच तो निकामी होतो, आणि मग घरातला टीव्हीसुद्धा नव्याने जोडावा लागतो.

म्हणून राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क सुरू केलं आणि आत्याच्या मुलांना त्याचा कोड दिला. त्याचा पासवर्ड बदलला तरी घरची उपकरणं जोडलेलीच राहतात.