शेवटचा तक्ता आणि त्यातला शेवटचा रकाना

«मॅडम, सर्व्हे आणि मुलाखती मी एकाच काळात केल्यात. आता एक प्रकरण आकड्यांचं, एक मुलाखतींचं आणि शेवटी दोन्ही शेजारी मांडणारा तक्ता, म्हणजे एक जॉइंट डिस्प्ले टाकला, की कन्व्हर्जंट पॅरलल डिझाइन झालं ना?»

आधी एक करा. मुलाखतीचं गाईड आणि सर्व्हेची प्रश्नावली टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. प्रश्नावलीत जे जे मोजलंय, त्यातलं किती मुलाखतीत विचारलंय, त्यावर पेन्सिलने खुणा करा. ज्यावर दोन्हीकडे खूण आहे, तेवढ्याच ओळी तुमच्या तक्त्यात येणार. बहुतेकांच्या दोन किंवा तीन निघतात, कधी एकही नाही. मग व्हायवाच्या आदल्या आठवड्यात मुलाखतींतली चार छान वाक्यं उचलून आकड्यांशेजारी चिकटवली जातात आणि त्यालाच जॉइंट डिस्प्ले म्हटलं जातं. परीक्षकांना ते कळतं, कारण वाक्य एका गोष्टीबद्दल असतं आणि आकडा दुसऱ्याच.

उदाहरण घेऊ. विषय समजा असा आहे, की गरोदरपणात मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या बायका प्रत्यक्षात घेतात का. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा 180 गोळ्या असतात. सर्व्हेत तुम्ही विचारलंत: गेल्या 7 दिवसांत किती दिवस गोळी घेतली? त्रास झाला का? गोळ्या वेळेवर मिळाल्या का? आणि मुलाखतीत विचारलंत: गरोदरपणाचा अनुभव कसा होता, घरच्यांचा आधार कसा होता? मुलाखती सुरेख झाल्या असतील, थीम्सही भरघोस निघाल्या असतील. पण गोळीचा विषय एखादीनेच काढला असेल, तोही ओझरता. इथे जोडायला काही नाही. आकडे एका संशोधनाचे, मुलाखती दुसऱ्याच्या, फक्त बाइंडिंग एक.

म्हणून या डिझाइनमध्ये तक्ता आधी आखतात आणि शेवटी भरतात. सिनॉप्सिस लिहितानाच डाव्या बाजूला संकल्पना मांडायच्या: नियमितपणा, त्रास, पुरवठा, समजुती. मग प्रत्येकीपुढे दोन प्रश्न लिहायचे, एक मोजणारा आणि एक बोलतं करणारा. «किती दिवस घेतली» याच्या जोडीला «कालचा दिवस सांगा, गोळी कधी घेतली, कुठे ठेवली होती, राहिली असेल तर कशी राहिली». प्रश्नाची भाषा वेगळी, विषय तोच.

«एकाच काळात» याचाही अर्थ नीट धरा. एकाच दिवशी असा तो नाही. दोन्ही धागे एकाच टप्प्यात चालतात आणि एकाचा निकाल बघून दुसरा वळवला जात नाही, एवढीच अट. सर्व्हेचं विश्लेषण झालं, कमी गोळ्या घेणाऱ्या बायका सापडल्या आणि त्यांनाच मुलाखतीला बसवलं, तर ते एक्स्प्लनेटरी सिक्वेन्शियल डिझाइन झालं. त्यात वाईट काही नाही, पण ते नाव मग प्रबंधावर घाला. आणि एकाच बाईकडून दोन्ही घेत असाल, तर मुलाखत आधी घ्या किंवा वेगळ्या दिवशी घ्या. प्रश्नावलीतले पर्याय एकदा वाचून दाखवले, की पुढचा अर्धा तास ती त्याच पर्यायांच्या भाषेत बोलते.

सर्व्हेत 200 आणि मुलाखतीला 20, हे चालतं का, असंही लगेच विचारलं जातं. चालतं. आकड्यांना विस्तार लागतो, बोलण्याला खोली, म्हणून नमुने समान असण्याचा आग्रह नसतो. पण ते 20 जण त्या 200 मधलेच आहेत की वेगळे, हे आधी ठरवा. त्यातलेच असतील तर दोन्ही फॉर्मवर एकच सांकेतिक क्रमांक टाका. एवढी साधी गोष्ट राहून जाते, आणि मग «जिने सात दिवस लिहिलं, ती बोलताना काय म्हणाली» हे कधीच तपासता येत नाही.

आता तक्ता. दोन्हींचं विश्लेषण स्वतंत्रपणे, आपापल्या नियमांनी पूर्ण करा, मगच तो उघडा. वरच्या अभ्यासाचा एक तुकडा असा दिसेल (आकडे काल्पनिक आहेत, रचना बघा):

| संकल्पना | सर्व्हे | मुलाखती | जुळणी | यावरून काय म्हणता येईल |
|---|---|---|---|---|
| पुरवठा | 10 पैकी 9 जणींना वेळेवर मिळाल्या | «आशाताई घरी आणून देतात» | दुजोरा | अडचण मिळण्याची नाही |
| त्रास | 10 पैकी 4 जणींना मळमळ | मळमळ, काळी शी. «उष्ण पडतात» म्हणून उन्हाळ्यात बंद | विस्तार | त्रासाच्या प्रश्नाला ऋतूची बाजू आहे, ती सर्व्हेत नव्हती |
| नियमितपणा | 10 पैकी 8 जणींनी 6-7 दिवस घेतल्या | अर्ध्या पट्ट्या डब्यात पडून. बाळ मोठं होईल ही भीती | विसंगती |? |

जुळणीच्या रकान्यात साधारण तीन शेरे येतात. दुजोरा म्हणजे दोन्हीकडून एकच गोष्ट आली. विस्तार म्हणजे एकाने दुसऱ्यात भर घातली. विसंगती म्हणजे दोघांचं पटलं नाही. मी चौथाही लिहायला लावते: मौन. एका धाग्यात ती गोष्ट आलीच नाही. पुष्कळजण मौनालाच विसंगती समजतात. उन्हाळ्याबद्दल सर्व्हेत विचारलंच नव्हतं, तर सर्व्हेने मुलाखतीला खोटं पाडलं असं होत नाही.

खरं काम शेवटच्या रकान्यात असतं, आणि तिथे «दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष एकमेकांना पूरक आहेत» एवढंच लिहिलेलं दिसलं, की मी पान परत देते. विसंगतीच्या ओळीपुढे काय करायचं, याचा मला माहीत असलेला सर्वांत प्रामाणिक नमुना इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा आहे. सुझान मोफॅट आणि सहकाऱ्यांनी तो 2006 मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या दवाखान्यांत नोंद असलेल्या, साठीच्या पुढच्या 126 लोकांना, हक्काचे पण न घेतलेले सरकारी लाभ मिळवून देण्यासाठी सल्ला आणि मदत द्यायची, आणि त्याने आरोग्यावर काय फरक पडतो ते बघायचं. यादृच्छिक गट पाडलेली ती पथदर्शी चाचणी होती, आणि तिच्या जोडीने त्यांतल्याच 25 जणांच्या सविस्तर मुलाखती होत्या.

आकड्यांनी सांगितलं, की दोन गटांत फरक असल्याचा पुरावा जवळजवळ नाही. मुलाखतींत लोक सांगत होते, की गरजेच्या वस्तू घेता येतात, अडीअडचणीला पैसे असतात, पैशाची चिंता कमी झाली, स्वतःच्या पायावर उभं राहता येतं. दोन्ही प्रकरणं वेगवेगळी छापली असती, तर एकावरून योजना बंद करा म्हणता आलं असतं आणि दुसऱ्यावरून ती वाढवा.

त्यांनी कुठल्याही एका बाजूला झुकतं माप दिलं नाही. विसंगती हीच सामग्री मानून तिच्यावर सहा बाजूंनी प्रश्न लावले. दोन पद्धतींची मुळातली भूमिकाच वेगळी आहे का? प्रत्येक भाग आपापल्या कसोटीवर कितपत पक्का आहे? चाचणी पथदर्शी होती, लहान फरक पकडण्याइतके लोक तिच्यात नव्हते. मुलाखत दिलेले 25 जण बाकीच्यांपेक्षा वेगळे तर नाहीत? आणखी माहिती घेऊन पुन्हा ताडून बघता येईल का? योजना प्रत्यक्षात राबवली कशी गेली? आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: दोन्ही धागे एकच परिणाम शोधत होते का? प्रश्नावल्यांत एसएफ-36 सारखी आरोग्याची ठरलेली मापनं होती. लोक बोलत होते ते मात्र हातात खेळणाऱ्या पैशाबद्दल, निश्चिंतपणाबद्दल. म्हणजे भांडणाचा बराच भाग जोडीच्या प्रश्नांतच होता, ज्याच्यासाठी मी सुरुवातीला टेबलावर दोन कागद ठेवायला सांगितले.

आपल्या गोळ्यांच्या तिसऱ्या ओळीला हेच लावून बघा. क्रमांक जुळवून त्या 20 जणींचे दोन्ही फॉर्म काढा. त्यातल्या बहुतेकींनी सर्व्हेत कमीच दिवस लिहिले असतील, तर विसंगती नाहीच, मुलाखतीच्या निवडीत कमी घेणाऱ्या जास्त आल्यात. त्याच बाईने सर्व्हेत सात लिहून मुलाखतीत डब्यातल्या पट्ट्या दाखवल्या असतील, तर शंका सर्व्हेवर. मग बघा, सर्व्हे कोणी भरून घेतला. गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंनीच भरून घेतला असेल, तर त्यांच्यासमोर «घेत नाही» म्हणायला कोण धजावेल? तिसरी शक्यता काळाची. सर्व्हे गेल्या सात दिवसांबद्दल विचारतो, मुलाखतीत बाई पूर्ण नऊ महिन्यांचं बोलते. दोन्ही खरं असू शकतं. या तिन्हींतली कुठली, हे पुराव्यासह लिहिलं, की प्रश्नचिन्हाच्या जागी वाक्य येतं. ठरवता आलं नाही तर «ठरवता आलं नाही, कारण अमुक» हेही चालतं. मुलाखतींतले कोड मोजून «20 पैकी 13» असा आकडा काढून सर्व्हेच्या टक्क्याशी भिडवणं मात्र टाळा. मुद्दाम निवडलेल्या वीस जणींतल्या तेरा म्हणजे सगळ्या बायकांतल्या पासष्ट टक्के होत नाहीत.

दुजोऱ्याच्या ओळीकडे तर कोणी दुसऱ्यांदा बघतच नाही, आणि माझा जास्त संशय तिच्यावर असतो. समजा, मुलाखतीही आशाताईंच्या ओट्यावर झाल्या, त्या शेजारी बसलेल्या असताना. मग पुरवठ्याबद्दल सर्व्हे आणि मुलाखत दोन्हींत «वेळेवर मिळतात» असंच येणार. एकाच कारणाने दोन्ही धागे एकाच बाजूला झुकलेत. दोन पद्धतींचं एकमत तेव्हाच वजनदार, जेव्हा दोघींची चुकण्याची कारणं वेगळी असतात. तीच गोष्ट आरोग्य केंद्राच्या गोळ्यांच्या साठ्याच्या रजिस्टरशी ताडून बघितलीत, तर त्या ओळीला खरा आधार मिळेल.

तुमचा डेटा तर गोळा झालाय. तेव्हा पेन्सिलच्या खुणा मोजा. तीन-चार ओळी जुळत असतील, तर तेवढ्याचाच तक्ता करा आणि बाकीच्या संकल्पनांपुढे «मौन» असं उघड लिहा. जुळत नसतील आणि गाईडला पुरवणी जोडून काही बायकांकडे परत जाण्याची परवानगी एथिक्स कमिटीकडून मिळत असेल, तर जा. पण ती दुसरी फेरी झाली, असं पद्धतीच्या प्रकरणात सांगा. दोन्ही शक्य नसेल तर डिझाइनचं नाव बदला. प्रबंधाच्या गाइडशी हे बोलायला अवघड जाईल, तरी व्हायवाच्या आधी बोला.